पुरवठादारामुळे काम रखडल्यावर ग्राहकांना पाठवायचे क्षमायाचनेचे आणि आभाराचे पत्र : एका मॉड्युलर किचन वर्कशॉपचे उदाहरण

मॉड्युलर किचन करणाऱ्या वर्कशॉपच्या हातात स्वतःचे वेळापत्रक अर्धेच असते. प्लायवूडचे बॉक्स ते स्वतः कापते आणि जोडते. पण शटर, चॅनेल, बिजागऱ्या आणि ट्रॉल्या बाहेरून येतात, आणि त्यातली एक वस्तू अडली की संपूर्ण स्वयंपाकघर अडते. ग्राहकाला दिसतात ते दारे नसलेले खण, आणि तारीख दिलेली असते ती वर्कशॉपने. काम उशिरा का होईना पूर्ण झाले, की अशा ग्राहकांना एक पत्र पाठवावे लागते, ज्यात क्षमाही मागायची असते आणि आभारही मानायचे असतात. हे पत्र कसे तयार करावे, त्यात पुरवठादाराचा उल्लेख किती करावा, भरपाईचे वाक्य कसे लिहावे आणि पत्र कोणाला पाठवू नये, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

उदाहरण कल्पित आहे. पण या धंद्यातल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. नाशिकच्या अंबड भागातील एका वर्कशॉपकडे दिवाळीपूर्वी पूर्ण करायची ११ किचन होती. सर्वांच्या ऑर्डर फॉर्मवर फिटिंग पूर्ण होण्याची तारीख १० ऑक्टोबर अशी लिहिलेली होती. बॉक्स वेळेत तयार झाले आणि ६ ऑक्टोबरपर्यंत घरोघरी बसवलेही गेले. ॲक्रेलिकची शटर मात्र दुसऱ्या शहरातील पुरवठादाराकडून मापानुसार कापून, कडेला पट्टी लावून येत असत. २७ सप्टेंबरला आलेल्या मालातील बऱ्याच शटरांना बाक होता. दोन शटर शेजारी शेजारी धरली, तर मधली फट वर ३ मिलिमीटर आणि खाली ६ मिलिमीटर दिसत होती; शिवाय एकाच रंगाच्या दोन छटा आल्या होत्या. वर्कशॉपने माल परत पाठवला. पुरवठादाराने आधी ८ ऑक्टोबरची तारीख दिली, ती चुकवली, मग त्याचे कारागीर दिवाळीला गावी गेले, आणि बदली माल २९ ऑक्टोबरला आला. फिटिंग ४ नोव्हेंबरला संपले. दिवाळी मधल्या मध्ये निघून गेली.

पत्राची वेळ

पहिला प्रश्न मजकुराचा नसून वेळेचा आहे. क्षमायाचनेचे आणि आभाराचे हे पत्र काम पूर्ण झाल्यानंतरच पाठवावे, आणि साधारण दोन दिवसांपासून एका आठवड्याच्या आत पाठवावे. काम अर्धवट असताना ते पाठवले, तर त्यात नवी तारीख द्यावी लागते, आणि ती तारीखही पुरवठादाराच्या भरवशावर असल्याने चुकण्याची शक्यता मोठी असते. ती चुकली की आधीची क्षमायाचनाही पोकळ ठरते आणि दुसऱ्यांदा मागितलेल्या क्षमेला कोणी किंमत देत नाही. काम चालू असताना ग्राहकाला जे द्यायचे, ती केवळ माहिती : काय अडले आहे, केव्हा कळेल, आणि तोपर्यंत कोणते पर्याय आहेत. ती माहिती फोनवर आणि दोन ओळींच्या संदेशात द्यावी.

उलट पत्र महिनाभराने पाठवणेही चुकीचे. तोपर्यंत ग्राहकाचे स्वयंपाकघर मार्गी लागलेले असते, राग निवलेला असतो, आणि आपल्या पत्राने तो पुन्हा जागा होतो. उदाहरणातील वर्कशॉपसाठी ७ नोव्हेंबर ही तारीख योग्य ठरते. शेवटचे फिटिंग होऊन तीन दिवस झालेले असतात, आणि एखादे शटर घासत असेल किंवा बिजागरी सैल असेल, तर तेही तोवर समोर आलेले असते.

लिहिण्यापूर्वी दोन आकडे काढा

मसुदा लिहायला बसण्यापूर्वी ऑर्डर फॉर्म, पुरवठादाराशी झालेला पत्रव्यवहार आणि ग्राहकांना पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश समोर ठेवून तारखांची एक साधी यादी करावी. त्यातून दोन आकडे निघतात. पहिला आकडा उशिराचा : दिलेली तारीख आणि काम पूर्ण झाल्याची तारीख यांतील अंतर, म्हणजे येथे १० ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर, २५ दिवस. दुसरा आकडा मौनाचा : अडचण आपल्याला कळली तो दिवस आणि ती आपण ग्राहकाला सांगितली तो दिवस यांतील अंतर. या वर्कशॉपला माल खराब असल्याचे २७ सप्टेंबरला कळले होते. ग्राहकांना मात्र त्याने ९ ऑक्टोबरला, म्हणजे दिलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी सांगितले. मौनाचे दिवस १२.

बहुतेक व्यावसायिक पहिल्या आकड्याबद्दल क्षमा मागतात आणि दुसऱ्याचा उल्लेखही करत नाहीत. माझ्या मते संपूर्ण पत्राचे वजन दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते. शटरला बाक येणे हे पुरवठादाराचे काम. परंतु बारा दिवस गप्प बसणे हे सर्वस्वी आपले. ग्राहकाला हे २७ सप्टेंबरला कळले असते, तर त्याने फराळ बाहेरून मागवायचे ठरवले असते, पाहुण्यांना पुढच्या वर्षी बोलावले असते, किंवा ॲक्रेलिकऐवजी लवकर मिळणारी लॅमिनेटची शटर घेतली असती. हे पर्याय त्याच्याकडून आपल्या मौनाने काढून घेतले. ज्या पत्रात एवढी एक गोष्ट स्पष्ट कबूल केलेली असते, त्यातील पुरवठादाराविषयीचे वाक्य ग्राहक सबब म्हणून वाचत नाही. जेथे ती नसते, तेथे पुरवठादाराविषयी कितीही खरे लिहिले, तरी ते दुसऱ्यावर ढकलल्यासारखेच वाटते.

यादी करताना आणखी एक तारीख तपासावी : आपण स्वतः शटरची ऑर्डर केव्हा दिली? मापे मंजूर झाल्यावर दहा दिवस ऑर्डर टेबलावर पडून राहिली असेल, तर तो उशीर पुरवठादाराच्या खात्यावर टाकता येणार नाही. पुरवठादाराचे बिल आणि ऑर्डरची तारीख कधी ना कधी कोणाच्या तरी नजरेस पडते.

सर्वांना एकच पत्र नको

११ ग्राहकांना एकच मजकूर पाठवण्याचा मोह होतो, कारण त्यात वेळ वाचतो. पण त्यांची स्थिती एकसारखी नसते. उदाहरणात दोघांनी ९ ऑक्टोबरच्या फोननंतर लॅमिनेटची शटर स्वीकारली आणि त्यांचे काम १६ ऑक्टोबरला, सहा दिवस उशिरा पूर्ण झाले. सात जणांचे काम ४ नोव्हेंबरला पूर्ण झाले. त्यांपैकी तीन घरांत प्रसंग हुकला होता, दोघांची नव्या घरातली पहिली दिवाळी होती आणि एकाकडे वास्तुशांत होती. एका ग्राहकाच्या उंच कपाटाचे शटर अजूनही यायचे होते. आणि एकाने ऑर्डर रद्द केली होती.

यातील शेवटच्या दोघांना हे पत्र जाणारच नाही. ज्याचे काम बाकी आहे, त्याला आधी शटर हवे. त्याला फोन करून नेमकी स्थिती सांगावी आणि काम संपल्यावर पत्र द्यावे. ज्याने ऑर्डर रद्द केली, त्याला त्याची आगाऊ रक्कम परत केल्याच्या तपशिलासह चार ओळींचे स्वतंत्र पत्र पुरेसे आहे. त्याचे आभार मानणे विचित्र दिसते. त्यातही ‘पुन्हा सेवेची संधी द्यावी’ हे वाक्य तर कटाक्षाने टाळावे. एखाद्या ग्राहकाकडून वकिलाची नोटीस आली असेल, तर त्यालाही हे पत्र पाठवू नये. त्याला उत्तर वकिलामार्फतच जावे.

उरलेल्या नऊ जणांसाठी एक मूळ मसुदा तयार करावा आणि प्रत्येक गटासाठी त्यातील एक-दोन परिच्छेद बदलावेत. प्रसंग हुकलेल्या तिघांना मात्र पत्राआधी मालकाने स्वतः फोन करावा किंवा घरी जावे. वास्तुशांतीला पाहुण्यांसमोर उघडे खण दाखवावे लागलेल्या माणसाला पहिली क्षमा कागदावर मिळू नये.

भरपाई आधी ठरवा, मग लिहा

भरपाईचा निर्णय झाला नसताना लिहिलेल्या पत्रात ‘योग्य ती भरपाई देण्याचा प्रयत्न करू’ असे वाक्य हमखास शिरते, आणि ते वाचून ग्राहक दुसऱ्याच दिवशी ‘म्हणजे किती?’ असा फोन करतो. म्हणून आकडा आधी. ऑर्डर फॉर्ममध्ये उशिराबद्दल दर आठवड्याला अमुक टक्के कपात असे कलम असेल, तर तेवढे देणे हे आपले बंधन आहे. ते ‘सदिच्छा म्हणून’ देत असल्याचा आव आणू नये. कलम नसेल, तर नियम आपणच करायचा. तो असा हवा, की कोणी विचारल्यास फोनवर एका वाक्यात सांगता यावा, कारण एकाच सोसायटीतले दोन ग्राहक पत्रे शेजारी ठेवून पाहतातच.

उदाहरणातील वर्कशॉप फिटिंगचे वेगळे ९,००० रुपये आकारते असे धरू. त्याने नियम असा केला : एका आठवड्याच्या आतील उशिराला रोख भरपाई नाही, त्याहून अधिक उशिराला फिटिंगचा निम्मा आकार परत, आणि ठरलेला प्रसंग हुकला असेल, तर पूर्ण आकार परत. म्हणजे चौघांना ४,५०० रुपये आणि तिघांना ९,००० रुपये, एकूण ४५,००० रुपये. लॅमिनेट घेतलेल्या दोघांना ॲक्रेलिक आणि लॅमिनेट यांच्या किमतीतील फरक परत करणे हे तर देणेच होते, त्यामुळे ते भरपाई म्हणून मोजलेले नाही. ही रक्कम पुरवठादाराकडून वसूल होते की नाही, हा वर्कशॉप आणि पुरवठादार यांच्यातला हिशेब आहे. त्याच्यावर डेबिट नोट जरूर टाकावी, पण ती मंजूर होईपर्यंत ग्राहकाला थांबवू नये आणि पत्रात तिचा उल्लेखही करू नये.

‘पुढील खरेदीवर १० टक्के सूट’ हा प्रकार कपड्यांच्या दुकानाला शोभतो. किचन माणूस पंधरा-वीस वर्षांतून एकदा करतो. त्याला पुढील किचनची सूट देणे ही भरपाई नसून थट्टा आहे. त्यापेक्षा सहा महिन्यांनी एकदा येऊन सर्व बिजागऱ्या आणि चॅनेल मोफत तपासून देण्याचे लेखी आश्वासन अधिक उपयोगाचे, कारण नव्या शटरांच्या बिजागऱ्या वापराने थोड्या सैल होतातच. बिलातील रक्कम कमी करायची असल्यास क्रेडिट नोट कशी काढावी आणि तिचा जीएसटीवर परिणाम होतो का, हे आपल्या सीएला पत्र पाठवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मसुदा

चौघांच्या गटाला, म्हणजे २५ दिवस उशीर झालेल्या पण विशिष्ट प्रसंग न हुकलेल्या ग्राहकांना, जाणारे पत्र असे होईल :

> दिनांक : ७ नोव्हेंबर
>
> प्रति,
> श्री. ……… व सौ. ………
> (पत्ता)
>
> विषय : आपल्या किचनचे काम उशिरा पूर्ण केल्याबद्दल क्षमायाचना आणि आभार
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपल्या किचनचे काम १० ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करून देऊ, असे आम्ही ऑर्डर फॉर्मवर लिहून दिले होते. प्रत्यक्षात ते आम्ही ४ नोव्हेंबरला पूर्ण केले. या २५ दिवसांच्या उशिराबद्दल आम्ही आपली मनापासून क्षमा मागतो. ऐन दिवाळीत आपल्याला उघड्या खणांच्या स्वयंपाकघरात दिवस काढावे लागले, याची आम्हाला जाणीव आहे.
>
> शटर आम्ही बाहेरील पुरवठादाराकडून तयार करून घेतो. २७ सप्टेंबरला आलेल्या शटरांना बाक होता आणि रंगात फरक होता, म्हणून आम्ही ती परत पाठवली. बदली माल २९ ऑक्टोबरला आला. पुरवठादार आम्ही निवडला होता आणि तारीखही आम्हीच दिली होती, त्यामुळे या उशिराची जबाबदारी आमची आहे.
>
> माल खराब असल्याचे आम्हाला २७ सप्टेंबरला कळले होते, पण ते आम्ही आपल्याला ९ ऑक्टोबरला सांगितले. वेळीच सांगितले असते, तर आपल्याला सणाची आखणी वेगळी करता आली असती. हे आमच्याकडून व्हायला नको होते.
>
> फिटिंगच्या आकारापैकी निम्मी रक्कम, रुपये ४,५००, आम्ही १२ नोव्हेंबरपर्यंत आपल्या बँक खात्यात जमा करत आहोत. त्यासाठी आपल्याला काहीही करावे लागणार नाही. तसेच येत्या मे महिन्यात आमचा कारागीर येऊन सर्व बिजागऱ्या आणि चॅनेल विनामूल्य तपासून देईल. आपल्या किचनची वॉरंटी ४ नोव्हेंबरपासून मोजली जाईल.
>
> यापुढे मापे मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शटरची ऑर्डर देणार आहोत, आणि माल अडल्याचे कळताच दोन दिवसांच्या आत ग्राहकाला फोन करणार आहोत.
>
> या काळात आपण रविवारी, २ नोव्हेंबरला, आमच्या कारागिरांसाठी दिवसभर घर उघडे ठेवले आणि कामाच्या मध्ये त्यांच्या चहापाण्याचेही पाहिले. त्यामुळे फिटिंग दोन दिवस लवकर संपले. याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.
>
> काही राहिले असल्यास किंवा शटर घासत असल्यास मला थेट फोन करावा.
>
> आपला नम्र,
> (मालकाची सही, नाव, मोबाइल क्रमांक)

प्रसंग हुकलेल्या तिघांच्या पत्रात पहिल्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य बदलेल आणि तेथे प्रसंगाचे नाव येईल : ‘आपल्या वास्तुशांतीच्या दिवशी स्वयंपाकघर अपुरे राहिले. तो दिवस आम्ही परत देऊ शकत नाही, याची आम्हाला जाणीव आहे.’ भरपाईच्या परिच्छेदात ९,००० रुपये येतील. लॅमिनेट घेतलेल्या दोघांच्या पत्रात उशीर ६ दिवसांचा, कामाची आणि वॉरंटीची तारीख १६ ऑक्टोबर आणि शटर बदलण्यास मान्यता दिल्याबद्दल आभार. बदली मालाचे वाक्य तेथे गाळावे, कारण त्यांच्या घरी तो माल गेलाच नाही.

पुरवठादाराचा परिच्छेद

मसुद्यात पुरवठादाराला मोजून चार वाक्ये मिळाली आहेत, आणि चौथे वाक्य जबाबदारी परत आपल्याकडे घेते. हे प्रमाण योगायोगाने आलेले नाही. ग्राहकाला कारण हवे असते, कारण ते न कळल्यास तो ‘दुसऱ्या मोठ्या ऑर्डरला आमच्या आधी माल दिला असणार’ असे तर्क करतो. पण कारण लांबले, की त्याच परिच्छेदाचे समर्थन होते. पुरवठादाराचे नाव लिहू नये. नावाने ग्राहकाला काही कळत नाही, उलट ते पत्र फिरत फिरत पुरवठादारापर्यंत गेले तर बदनामीच्या तक्रारीला आणि तुटलेल्या व्यवहाराला निमित्त मिळते. पुढील ऑर्डर कदाचित त्याच्याचकडे द्यावी लागणार असते.

कारणात तपासता येईल असा तपशील हवा. ‘शटरांना बाक होता आणि रंगात फरक होता’ हे ग्राहकाच्या डोळ्यांसमोर उभे राहते, आणि चांगला माल देण्यासाठीच आपण तो नाकारला, हेही त्याला न सांगता समजते. ही बाजू मोठ्याने मांडू नये. ‘गुणवत्तेशी तडजोड करायची नाही म्हणूनच उशीर झाला’ असे लिहिले, की क्षमायाचनेच्या पत्रात जाहिरात घुसते.

‘आमच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थिती’ हे शब्दही टाळावेत. भूकंप किंवा पूर नियंत्रणाबाहेरचा असतो. पुरवठादाराने तारीख चुकवणे हा धंद्यातला नेहमीचा धोका आहे आणि ग्राहकाचा करार आपल्याशी असतो, पुरवठादाराशी नसतो. ग्राहक आयोगापुढे प्रकरण गेल्यास पुरवठादाराकडे बोट दाखवून सहसा सुटका होत नाही.

काही वाक्ये जी लेखणीतून आपोआप उतरतात

मराठीत जबाबदारी न घेता क्षमा मागण्याची सोय फार चांगली आहे. ‘डिलिव्हरीस विलंब झाला’ या वाक्यात विलंब आपोआप होतो. तो करणारा कोणी नसतो. ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहिले की कारण सांगायची गरजच उरत नाही. आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे तर रेल्वेच्या फलाटावर इतक्यांदा ऐकलेले असते, की ते वाचताना डोळा पुढच्या ओळीवर जातो. मसुदा झाल्यावर त्यातील प्रत्येक ‘झाला’, ‘राहिले’, ‘होऊ शकले नाही’ यांवर बोट ठेवून विचारावे, की हे कोणी केले? उत्तर ‘आम्ही’ असेल, तर वाक्यात ‘आम्ही’ आणावे. वर दिलेल्या मसुद्यात ‘प्रत्यक्षात ते आम्ही ४ नोव्हेंबरला पूर्ण केले’ असे लिहिले आहे, ते याच कारणासाठी.

दुसरे, ‘काही गैरसोय झाली असल्यास’. यातील ‘असल्यास’ हा शब्द ग्राहकाच्या त्रासावर शंका घेतो. त्रास झाला आहे हे माहीत असताना शंका कशासाठी? तिसरे, ‘तरी आपण समजून घ्याल ही अपेक्षा’. क्षमा मागणाऱ्याने अपेक्षा करू नये. चौथे, ‘तथापि’ आणि ‘परंतु’. क्षमेच्या वाक्यामागोमाग हे शब्द आले, की वाचणाऱ्याला आधीचे वाक्य मागे घेतल्यासारखे वाटते.

आभार कशाबद्दल?

‘आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार’ हे वाक्य मी मसुद्यात मुद्दाम ठेवलेले नाही. ग्राहकाने संयम दाखवला नव्हता. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. अर्धे पैसे दिलेले, बॉक्स भिंतीला ठोकलेले, अशा वेळी तो जाणार कोठे? त्यातल्या त्यात ज्याने फोनवर दोनदा सुनावले, त्याला संयमाबद्दल धन्यवाद मिळाले तर तो ते टोमण्यासारखे घेईल. आभार नेहमी त्याने खरोखर केलेल्या कृतीबद्दल मानावेत : रविवारी घर उघडे ठेवले, शटरचा प्रकार बदलण्यास मान्यता दिली, काम संपताच उरलेली रक्कम न अडवता दिली, किंवा बाक आलेले शटर सर्वांत आधी त्यानेच दाखवून दिले. ही माहिती मालकाकडे नसते. ती साइटवर गेलेल्या कारागिरांकडे असते. म्हणून पत्रे लिहिण्यापूर्वी त्यांना अर्धा तास बसवून घर एक, घर दोन असे विचारत जावे. ज्या घरी असे काहीच आठवत नाही, तेथे ‘आपण आमच्यावर काम सोपवले आणि ते पूर्ण करू दिले, याबद्दल आभारी आहोत’ एवढे पुरे.

आभारांची जागाही ठरलेली आहे. ते क्षमा, कारण, भरपाई आणि पुढची सुधारणा यांनंतर यावेत. पत्र आभारांनी सुरू झाले, तर ग्राहकाला वाटते की आपण मूळ विषय टाळत आहोत. आणि आभारांच्या मागोमाग गूगलवर चांगला अभिप्राय लिहिण्याची विनंती करू नये. ४,५०० रुपये आणि अभिप्राय एकाच पत्रात आले, की भरपाईचा अर्थच बदलतो.

कायद्याची बाजू, थोडक्यात

असे पत्र म्हणजे उशीर झाल्याची लेखी कबुली असते आणि ग्राहक ते जिल्हा ग्राहक आयोगापुढे ठेवू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून साधारणतः दोन वर्षांची मुदत असते. म्हणून काही जण पत्रच पाठवू नये असा सल्ला देतात. मला तो पटत नाही. तारखा ऑर्डर फॉर्मवर आणि व्हॉट्सॲपवर असतातच, त्या लपवता येत नाहीत. काळजी एवढीच घ्यावी, की पत्रात खरी घटना असावी आणि ठरलेली रक्कम असावी. ‘झालेले सर्व नुकसान भरून देऊ’ यासारखे मोकळे आश्वासन नसावे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ मध्ये एक तरतूद आहे. वेळ महत्त्वाची असलेल्या करारात ग्राहकाने उशिरा झालेले काम स्वीकारले, आणि स्वीकारताना नुकसानभरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर त्या उशिराबद्दल त्याला नंतर भरपाई मागता येत नाही. ही तरतूद वाचून पत्रात ‘ही रक्कम स्वीकारल्यावर आपली कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे वाक्य घालण्याची किंवा पत्राच्या प्रतीवर ग्राहकाची सही घेण्याची कल्पना सुचते. ४,५०० रुपयांसाठी ती करू नये. तडजोडीचा कागद लागेल इतका वाद मोठा असेल, तर तो वकिलाकडून वेगळा करावा. क्षमायाचनेच्या पत्रात तो मिसळू नये.

पाठवताना

बिल बहुधा एकाच्या नावावर असते आणि तीन महिने फोन घरातली दुसरीच व्यक्ती करत असते. पत्र दोघांच्या नावे असावे, आणि ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष व्यवहार केला तिला ते दिले जावे. नऊच पत्रे आहेत. ती लेटरहेडवर छापून, मालकाने शाईने सही करून घरपोच द्यावीत. कारागीर शटर नीट करायला जाणार असेल तर त्याच्या हाती पत्र देण्याची सोय दिसते, पण मग तोच पत्राबद्दल उत्तरे देत बसतो. शक्यतो मालक किंवा भागीदार यांपैकी एकाने जावे.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवायची असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र फाइल, स्वतंत्रपणे जोडून पाठवावी. एकाला पाठवलेला संदेश पुढच्याला फॉरवर्ड केला, की त्यावर तसे लेबल दिसते आणि मनापासून लिहिलेले पत्र परिपत्रक ठरते. सर्व ग्राहकांचा ग्रुप करून तर कधीच पाठवू नये. त्यात एकमेकांचे मोबाइल क्रमांक उघड होतात आणि तासाभरात तो तक्रारींचा ग्रुप होतो. पाठवण्यापूर्वी कोणा दुसऱ्याकडून नावे, तारखा आणि रक्कम ऑर्डर फॉर्मशी ताडून घ्यावीत. एका घराच्या पत्रात दुसऱ्याची वास्तुशांत आली, तर त्यानंतर काय लिहायचे, याचा मसुदा माझ्याकडे नाही.

पत्रात १२ नोव्हेंबर लिहिले असेल, तर रक्कम ११ तारखेलाच जमा करावी आणि व्यवहाराचा क्रमांक संदेशाने कळवावा. मे महिन्यातील तपासणी त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये घराच्या नावासह नोंदवावी. उत्तरे आली, की ती तारखांच्या मूळ यादीतच ग्राहकाच्या नावासमोर लिहावीत. कोणी अधिक रक्कम मागेल. त्याला आपला नियम सांगावा, आणि त्याने नियमात न बसणारा खरा खर्च, उदाहरणार्थ पंधरा दिवसांच्या डब्याची बिले दाखवली, तर ती पाहून निर्णय घ्यावा आणि तो दोन दिवसांत कळवावा. कोणी काहीच उत्तर देणार नाही. त्याला आठवणीचा संदेश पाठवू नये, मेमध्ये कारागीर मात्र वेळेवर पाठवावा.